बबनरावांचे पावणेदोन लाख

मांडववाले बबनराव जन्मभर सव्वा, दीड, पावणेदोन असाच हिशेब करत आले. लग्नसराईपूर्वी सामान ठेवायला त्यांना माझा यवतमाळचा गाळा हवा होता. अनामत पावणेदोन लाख ठरली.

ते सही केलेला करार आणि चेक घेऊन आले. करार एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत. मी दोन्ही बाजू वाचल्या आणि पेन खाली ठेवलं.

"काहून काकू? दुसऱ्याले देता काय गाळा?" त्यांचा चेहरा उतरला.

"मराठीत पावणेदोन लाख आहे, इंग्रजीत सव्वादोन. चेकवर आकड्यात मराठी बाजूची रक्कम आणि अक्षरांत इंग्रजी बाजूची उतरवलीत. बँक परत पाठवेल."

"टायपिंगवाल्याचंच पाहून लिवलं न! चालवून घ्या."

"वाद झाला तर कायद्यात अक्षरी रक्कम धरतात. पन्नास हजार जास्त द्याल?"

बबनराव तडक उठून टायपिंगवाल्याकडे गेले. मग करार नव्याने टाईप करून आणला, नवा चेक लिहिला, दोन्ही मोठ्याने वाचले. संध्याकाळी गाळ्याची किल्ली त्यांच्या खिशात होती.

मी चहा टाकला. "साखर किती?"

"दोन चमचे," ते म्हणाले, "अक्षरी दोन फक्त."