दादाने लपवलेली तपासणी

शिंप्याला अधूनमधून रात्री गुदद्वारात सुरी खुपसल्यासारखी कळ यायची आणि चार-पाच मिनिटांत आपोआप जायची. "मलाही येते. स्नायूचा पेटका असतो, अंगावर काढ," थोरला दादा सांगायचा. शौचाला रक्त पडू लागलं, तरी शिंप्याने दादाचाच शब्द धरून ठेवला. शेवटी बायकोने त्याला ओढत दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी बोट घालून तपासलं. "रात्रीची कळ पेटक्याचीच, तिचं भय नाही. पण पेटक्याने रक्त जात नाही. आत गाठ लागतेय, दुर्बिणीने बघावं लागेल."

घरी दादाने मान खाली घातली. "मला कळ यायला लागली तेव्हाच मी डॉक्टरकडून आतून तपासून घेतलं होतं, पेटका आहे हे त्यांनीच सांगितलं. सांगायची लाज वाटली."

"तुझी लाज राहिली, दादा," शिंपी म्हणाला. "माझं काय राहतंय, ते आता दुर्बिणीत दिसेल."