छाती अठ्ठेचाळीस, रिपोर्ट शून्य

जिममधले लोक त्याला पाठीमागे सांड म्हणायचे. हे कानावर आलं तेव्हा त्याला राग यायला हवा होता, पण तो दोन दिवस हवेत होता आणि तिसऱ्या दिवशी त्याने तेच नाव बनियनच्या पाठीवर छापून घेतलं. एवढ्यावरून माणसाची कल्पना यावी.

वय एकतीस, धंदा जिममध्ये ट्रेनर, छाती अठ्ठेचाळीस इंच. दर सोमवारी सकाळी आरशासमोर उभं राहून तो टेपने स्वतःला मोजायचा. आधी दंड, मग छाती, मग मांड्या. जिमच्या दारातच त्याचे दोन फोटो शेजारीशेजारी लावलेले होते. ‘आधी’च्या फोटोत हँगरला अडकवलेल्या शर्टासारखा एक पोरगा होता आणि ‘नंतर’च्या फोटोत हे कपाट. नवीन माणूस दारात थांबून ते फोटो बघायचा, मग याच्याकडे बघायचा आणि फी भरून आत यायचा. मधली सहा वर्षं नुसती अंडी, चिकन आणि मेहनत अशी होती, असं सांड छातीवर हात ठेवून सांगायचा. लॉकरमधल्या कुप्यांचा विषय तो फक्त आतल्या गोटात काढायचा, आणि तिथेही त्या कुप्यांना ‘व्हिटॅमिन’ म्हणायचे. आठवड्याला दोन टोचायच्या, बारा आठवडे घ्यायच्या, मग थोडं थांबायचं आणि पुन्हा सुरू. हे थांबणं दरवेळी आखूड होत गेलं आणि शेवटची दोन वर्षं तर तो थांबायचंच विसरला होता.

बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर लोकांना अंधूक दिसणारं स्वच्छ करून दाखवायचं काम, त्यामुळे तिला घरातलंही जरा जास्तच स्वच्छ दिसायचं. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. सासूबाई तिच्या ताटाकडे, झोपेकडे आणि चपलेच्या टाचेकडेही संशयाने बघू लागल्या होत्या. तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या. रक्त झालं, सोनोग्राफी झाली, नळ्या उघड्या आहेत का ते बघायला पोटात रंग सोडून एक्स-रे झाले. त्या दिवशी ती भिंतीला धरून घरी आली होती. सगळं नीट निघालं. मग डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याची तपासणी सांगितली, तर सासूबाईंनी पदराला तोंड पुसत विचारलं, की याच्याकडे बघून कुणाला शंका तरी येईल का. सांडालाही तेच वाटत होतं. आठ महिने त्याने आज उद्या केलं.

शेवटी एका सकाळी बायकोने चहाच्या कपाशेजारी प्लॅस्टिकची एक डबी ठेवली.

“माझ्या पोटात रंग भरून फोटो काढले,” ती म्हणाली. “तुला एवढीशी डबी भरायची आहे. आज भरणार आहेस की मी माहेरी जाऊ?”

तो लॅबमध्ये गेला आणि काउंटरपलीकडे कोण बसलेला असावा? काडी. हा काडी पूर्वी जिममध्ये आठ दिवस आला होता. सांडाने त्याला चारचौघांत हे नाव ठेवलं, वर पावडरचा मोठा डबा घ्यायला सांगितलं, आणि नवव्या दिवसापासून काडी दिसेनासा झाला. आता तो पांढरा कोट घालून विचारत होता, की शेवटच्या संबंधानंतर किती दिवसांचा खंड आहे. सांडाने मान वर न करता तीन दिवस सांगितले.

संध्याकाळी रिपोर्ट घेताना काडीने त्याला बाजूला बोलावलं. त्याच्या आवाजात कसलाही हिशेब चुकता करण्याचा सूर नव्हता, आणि तेच सांडाला जास्त लागलं. “सर, तीन काचा पाहिल्या. मग मशीनमध्ये फिरवून तळाचा गाळही पाहिला. एकही शुक्राणू नाही.”

“एकही म्हणजे?”

“एकही म्हणजे शून्य, सर.”

मशीन बिघडलं असणार, असं सांडाने ठरवलं. दुसऱ्या लॅबचं मशीनही नेमकं तसंच बिघडलेलं निघालं. मग डॉक्टरीणबाईंनी त्यांना पुरुषांच्या तज्ज्ञाकडे पाठवलं आणि जाण्याआधी रक्त तपासून घ्यायला सांगितलं. चिठ्ठीवर टेस्टोस्टेरॉन हा शब्द दिसताच सांडाचा जीव भांड्यात पडला. हा विषय तर त्याच्या घरचा होता. रक्त द्यायच्या आदल्या दिवशी त्याने लॉकर उघडला आणि नेहमीपेक्षा दुप्पट ‘व्हिटॅमिन’ टोचून घेतलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी पेपर हाती लागावा तसा तो खुशीत होता. आता आकडा असा येईल की डॉक्टर उभा राहून हात मिळवेल.

आकडा खरंच तसा आला. डॉक्टर म्हातारे, बारीक आणि कोरडे होते. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला.

“टेस्टोस्टेरॉन भरपूर आहे तुमच्याकडे,” ते म्हणाले. सांडाने बायकोकडे पाहिलं. “इतकं, की माणसाचं शरीर एवढं बनवतच नाही. काल टोचलंत की परवा?”

“काल,” सांड पुटपुटला. “दोन वर्षं चालू आहे.” बायको त्याच्याकडे बघत राहिली. डॉक्टरांनी खालच्या दोन ओळींवर बोट ठेवलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते, ती वृषणांना दोन हुकूम पाठवते, हे त्या हुकमांचे आकडे. दोन्ही जवळजवळ शून्य होते.

“रक्तात माल ओसंडून वाहतोय म्हटल्यावर ती हुकूम कशाला पाठवेल?” डॉक्टर म्हणाले. “घरी रोज बाहेरून डबा येत असेल तर चूल कोण पेटवणार? तुमची चूल दोन वर्षं थंड आहे. बाहेरच्या डब्याने दंड फुगतात, बीज तयार होत नाही. त्याला तिथल्या तिथे शिजलेलं लागतं.”

मग त्याला पडद्यामागे नेऊन डॉक्टरांनी खणातून वृषण मोजायची एक माळ काढली. लहानापासून मोठ्यापर्यंत लंबगोल मणी आणि प्रत्येकावर आकडा. जन्मभर टेपने मोजून घेतलेल्या माणसाला त्या दिवशी मण्यांनी मोजलं. मोठ्या माणसाचं माप पंधराच्या पुढे असतं म्हणे. याचं आठवर थांबलं. डॉक्टरांनी छातीही चाचपली आणि तो कळवळला. अठ्ठेचाळीस इंचांपैकी थोडा भाग स्नायू नव्हता. जादा टेस्टोस्टेरॉनचं शरीरातच बाईचं हार्मोन बनून तिथे गाठी धरल्या होत्या. बनियन घट्ट का घालतो, हे बायकोलाही त्या दिवशी कळलं.

टोचणं बंद, असा निकाल लागला. चूल बहुतेकांची पुन्हा पेटते, पण सहा महिने, वर्ष, कधी दोन वर्षं लागतात आणि काहींची नीट पेटतही नाही, लेखी हमी मिळणार नाही. घरी येऊन दार लावल्यावर बायकोने सासूबाईंसमोर डबीचा रिपोर्ट ठेवला आणि चष्म्याच्या दुकानातल्या आवाजात म्हणाली, “आई, सगळ्यात वरची ओळ वाचा.” सासूबाईंनी वाचली. त्यानंतर ताटाकडे बघणं बंद झालं.

पुढचे महिने सांडाचे हाल कुत्रा खाईना. बाहेरचं बंद आणि घरचं अजून सुरू नाही, अशा अवस्थेत तो लोळागोळा झाला. सकाळी उठवेना, वजन उचलवेना, बायकोजवळ जावंसं वाटेना. जाहिरातीत कुत्र्याचं पिल्लू हरवलेलं दिसलं तरी डोळे भरून यायचे. दंड उतरले. जिममधले लोक तब्येतीची चौकशी करायचे आणि हळूच दुसऱ्या ट्रेनरकडे सरकायचे. लॉकरमधली शेवटची कुपी त्याने दोनदा हातात घेतली. दुसऱ्या वेळी ती मोरीत ओतली आणि बाहेर येऊन बाकावर बसला. त्या बाबतीत त्याला मानलं पाहिजे.

पण सांड तो सांडच. टोचायचं नाही म्हटल्यावर त्याने स्वतःच्याच फळीवरचा एक डबा घरी नेला. ‘शंभर टक्के नैसर्गिक, पौरुषवर्धक, वनस्पतींचा अर्क.’ हा डबा तो वर्षानुवर्षं जिममध्ये खपवत होता आणि त्याने स्वतः कधी चाखलाही नव्हता, कारण त्याला खरी कुपी ठाऊक होती. आता सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे. डॉक्टरांना सांगायचं त्याला सुचलं नाही. वनस्पतींचं काय सांगायचं?

तीन महिन्यांनी रक्त तपासलं. टेस्टोस्टेरॉन तळाला होतं आणि हुकूम तसेच शून्य. डॉक्टर मात्र तिसऱ्याच आकड्याकडे बघत होते. इंजेक्शन बंद, वजनं बंद, दारू नाही, मग लिव्हरचा आकडा का चढला?

“तोंडाने काय घेता?” त्यांनी विचारलं.

सांडाने पिशवीतून अभिमानाने डबा काढला. डॉक्टरांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि हसले नाहीत. अशा कित्येक डब्यांत लेबलवर न लिहिलेलं स्टेरॉइड मिसळलेलं असतं, ते म्हणाले. गिऱ्हाइकाला दोन आठवड्यांत फरक दिसतो, तो पुन्हा येतो. ते रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनच्या आकड्यात धरलं जात नाही, पण मेंदूला बरोबर कळतं. “हा बंद करा, मग बघू. आणि हा डबा तुम्ही किती जणांना दिलात?”

सांडाने आठवायला सुरुवात केली आणि त्याची बोटं पुरेनात. त्यात दोघांची लग्नं ठरलेली होती. एक बायकोचा सख्खा भाऊ होता. त्याला तर हळदीत छाती दिसावी म्हणून यानेच प्रेमाने डबा भेट दिला होता.

मेहुण्याकडे तो त्याच दिवशी गेला. मग एकेकाला गाठून सांगत सुटला. निम्मे हसले. एकाने विचारलं, की सर, जळताय का. आठवड्याभरात त्याने फळी रिकामी केली आणि जिमच्या मालकाने दारातले दोन्ही फोटो उतरवले, कारण ‘नंतर’चा माणूस आता ‘आधी’च्या फोटोसारखा दिसू लागला होता. सांडाने ते फोटो घरी आणले आणि पलंगाखाली सरकवले. मेहुण्याने डबा बंद केला, एवढं मात्र पदरात पडलं.

डबा सुटल्यावर लिव्हरचा आकडा उतरला. नंतर हुकूम सुरू झाले, आधी कागदावर नुसते दशांश, मग पूर्ण आकडे. डॉक्टरांनी मेंदूला हलवून जागं करायच्या गोळ्या दिल्या. माळेवर तो आठवरून बारावर आला आणि ही बातमी त्याने बायकोला फोन करून सांगितली. ती गिऱ्हाईक सोडून दुकानाबाहेर येऊन हसली. सव्वा वर्षात ती पहिल्यांदा त्याच्याशी हसली होती.

मग पुन्हा तीच डबी आणि तीच लॅब. या वेळी बायकोही आली. काडी बराच वेळ आत होता. बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळावर सूक्ष्मदर्शकाचा वळ उठला होता.

“चार आहेत, सर,” तो म्हणाला.

“चार लाख?”

“चार. सगळ्या काचा मिळून चार. त्यातला एक हलतोय.” काडी घुटमळला. “बघायचाय का?”

नियमात बसत नव्हतं, पण काडीने त्यांना आत घेतलं. सांडाने वाकून एक डोळा लावला. त्याला आधी काहीच दिसलं नाही. बायकोने सवयीने स्क्रू जरासा फिरवला आणि म्हणाली, “आता बघ.” राखाडी गोलात एक बारीकसा जीव शेपटी मारत, धापा टाकत, तिरका तिरका पुढे सरकत होता. एके काळी दीडशे किलो उचलणारा माणूस तिथेच स्टुलावर बसला आणि हमसून रडायला लागला. डॉक्टर सांगणार होते, की एवढ्याने काही होत नाही, अजून वर्षभर धीर धरा. ते त्यालाही ठाऊक होतं. तो काडीचा हात धरून बसला होता आणि पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, की हलतोय ना, अजून हलतोय ना.