जिन्यावरचं ऊन

लोटूकाकांना एका जागी बसवत नसे. चाळीस-एक वर्षं बुऱ्हाणपुरात नळाची कामं केली, गुडघे दुखू लागले तेव्हा मुलाने पाना हातातून काढून घेतला. तरी कुणाच्याही घरी गेले की चहाआधी मोरीतली जाळी बघत. जावयाच्या घरीही. कोकिळाकाकूंना त्याची लाज वाटे.

त्या दिवशी सकाळी त्यांच्या गल्लीतली पूर्णिमा आली. ती शाळेत शिकवायची. इच्छापूर रोडला नवीन जोडघर घेतलं होतं आणि दुसऱ्या दिवशी वास्तुशांत होती.

"काका, बिल्डरच्या ऑफिसात भिंतीवर नळाचा नकाशा लावलाय, त्याचा फोटो काढून आणला. मला यातलं काही कळत नाही," तिने मोबाइल पुढे केला. "दुपारी सुतार येतोय, सिंकच्या वर भांड्यांचं स्टँड लावायला. ड्रिल पाइपात गेलं तर?"

फोटोत काचेवरची चमक आली होती. काकांनी चष्मा वर सारून मोबाइल नाकाशी धरला.

"ही निळी रेघ थंड पाण्याची. लाल रेघ गरम, वरच्या गिझरमधून खाली येते. हे दोन त्रिकोण तोंडाला तोंड लावून बसलेत ना, तो व्हॉल्व्ह. हा टाकीजवळचा. घरात काही फुटलं तर आधी गच्चीवर धावायचं आणि हा बंद करायचा."

"आणि ही तुटक रेघ?"

"सांडपाणी. चौकोनात गोल आहे तो जाळीखालचा ट्रॅप. त्यात पाणी साचून राहतं, तेच गटारातली घाण हवा अडवतं."

"वरच्या बाथरूमला वास येतो, काका. अजून कुणी वापरत नाही ते."

"मग ट्रॅप सुकला असेल. बादलीभर पाणी ओत. तरी वास आला तर मला सांग."

मग त्यांनी लाल रेघेवर बोट फिरवलं. ती सिंकच्या डावीकडे भिंतीतून खाली उतरली होती. "डावीकडे हात लावू नको. उजवी भिंत मोकळी. भोकं तिकडे पाड."

पूर्णिमा खूश झाली. फोटो काकांच्या मोबाइलवर पाठवला आणि जाता जाता म्हणाली, "घर छान आहे, काका. जिन्याच्या खिडकीतून सकाळी इतकं ऊन येतं, तिथे तुळस ठेवणार आहे."

ती गेली. काका ओट्यावर बसले, उठले, पुन्हा बसले. काहीतरी खुपत होतं.

"काय झालं तुम्हाले?" कोकिळाकाकूंनी आतून विचारलं. "पोरीने घर घेतलं आणि झोप तुमची उडाली."

ओट्यावरचं ऊन त्यांच्या पायांवर आलं होतं. ते ऊन बघता बघता त्यांनी मोबाइल काढला. फोटोच्या कोपऱ्यात उत्तरेचा बाण होता, सरळ वर. जिना डाव्या हाताला. म्हणजे पश्चिमेला. मग त्या पोरीच्या जिन्यावर सकाळचं ऊन कुठून येतं?

जोडघर. एकाचा जिना पश्चिमेला, दुसऱ्याचा पूर्वेला. भिंतीवरचा नकाशा शेजारच्या घराचा होता, आणि पूर्णिमाच्या घरात सगळं उलट. गरम पाइप उजवीकडे.

त्यांनी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला.

"अहो, जेवण?"

"येतो," म्हणत ते चपला घालून चौकात आलेसुद्धा. रिक्षात बसून तिसऱ्यांदा फोन लावला. रिक्षावाल्याला म्हणाले, "भैया, जरा जल्दी." तो म्हणाला, "बाबा, अस्पताल जाना है क्या?" भिंत फोडावी लागली तर उद्याची पूजा कुठे मांडणार, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

घरात सुतार लीलाधर स्टुलावर चढला होता. सिंकच्या उजवीकडे पेन्सिलीच्या खुणा करून झाल्या होत्या, ड्रिलची वायर बोर्डात होती. पूर्णिमाचा फोन पिशवीत.

"थांब, उतर खाली," काका दारातूनच म्हणाले. दम लागला होता. "पूर्णिमा, मी उलटं सांगितलं."

"मग आता डावीकडे पाडू?" लीलाधर म्हणाला. "की संध्याकाळी पुन्हा उजवीकडे?"

"आता नकाशाला विचारायचं नाही, भिंतीला विचारायचं. गिझर लाव."

पाणी तापल्यावर त्यांनी सिंकचा गरम नळ सोडला आणि दोन्ही तळवे भिंतीवर ठेवले, एक इकडे, एक तिकडे. बराच वेळ काही नाही. लीलाधर सुपारी कातरत बसला. मग उजव्या तळव्याखाली भिंत हळूच कोमट झाली. पेन्सिलीची वरची खूण तिथेच होती.

त्यांनी पूर्णिमाचा हात धरून तिथे ठेवला. तिने लीलाधरकडे बघून मान हलवली. भोकं डावीकडे पडली. धूळ कोरडी पडत होती ती काका वाकून बघत राहिले.

वरच्या बाथरूममध्ये जाऊन वासही घेऊन आले. बादलीभर पाण्याने तो गेला होता. शेवटी एकदाचे खुर्चीत टेकले, चहाचा कप हातात घेतला, तेवढ्यात जोडघराच्या दुसऱ्या भागातले सुपडूभाऊ डोकावले.

"आम्ही बी त्या भिंतीवरच्या नकाशाचा फोटो काढून आणला. परवा आरसा लावणार."

"तुमच्या घराला तो बरोबर आहे," काका म्हणाले.

"मग झालं."

"हो," काका म्हणाले आणि कप खाली ठेवला. "तरी चला, हात लावून बघू."