एक नंबरच्या गनचा लाल दिवा

वणीहून चंद्रपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर मारोती बोबडे यांचं चहा-नाश्त्याचं हॉटेल आहे. मारोतीभाऊंचा कोणावरही विश्वास नाही. दूधवाल्याचं दूध ते बोट बुडवून बघतात, सिलिंडर आला की हलवून बघतात, आणि बायको कौसल्या हसली तरी आधी दाराकडे बघतात, कोण आलंय म्हणून. हा स्वभाव त्यांना कोळशाच्या ट्रकांनी दिला. वीस-बावीस वर्षं ट्रक चालवताना टाकीतलं डिझेल कोण कसं काढतं ते त्यांनी इतकं पाहिलं, की माणूस म्हटलं की आधी त्याच्या हाताकडे बघायचं, हे त्यांच्या अंगातच मुरलं.

दोन वर्षांपूर्वी एका कंपनीनं त्यांच्या हॉटेलासमोर इलेक्ट्रिक गाड्यांचं चार्जर बसवलं. मशीनला दोन केबली, दोन्हींच्या टोकांना पिस्तुलासारखी मूठ. तिला सगळे गनच म्हणतात. देखरेखीला मारोतीभाऊंनी राजदीप नगराळे याला ठेवलं. तिशीचा, लग्न झालेला, कमी बोलणारा. कमी बोलतो हीच गोष्ट मारोतीभाऊंना पहिल्या दिवसापासून खटकली.

दिव्यांची भाषा त्यांनी राजदीपकडूनच शिकून घेतली होती. इथे ज्या कंपनीच्या गाड्या जास्त येतात, त्यांच्यात गन लावली की पोर्टजवळ, म्हणजे गन बसते त्या खाचेजवळ, पांढरा दिवा लागतो, म्हणजे जोडणी झाली. मग गाडी आणि मशीन आपसात बोलतात, गाडी आतून खिळा सरकवून गन धरून ठेवते, टक असा आवाज येतो आणि दिवा निळा लुकलुकतो. चार्जिंग सुरू. भरली की हिरवा. लाल लागला तर समजावं, कुठेतरी बिनसलं. दुसऱ्या कंपनीच्या गाडीत रंग वेगळे, त्यामुळे राजदीप दर वेळी गाडीवाल्यालाच विचारायचा.

दसरा झाला आणि एक नंबरच्या गननं रंग दाखवायला सुरुवात केली. गाडी लागायची, दिवा पांढरा व्हायचा, थोडा वेळ थांबून लाल. मशीनच्या पडद्यावर यायचं, गाडीशी संपर्क झाला नाही. गाडीवाले वैतागून दोन नंबरकडे वळायचे, तिथे रांग लागायची, आणि रांग बघून नवे आलेले सरळ पुढे जायचे. पुढे पेट्रोल पंपावर दुसऱ्या कंपनीचं चार्जर होतंच.

यात मारोतीभाऊंच्या डोळ्यात खुपलं ते वेगळंच. गन मारोतीभाऊंनी लावली की लाल. गाडीवाल्यानं लावली तरी लाल. राजदीप यायचा, मूठ खालून हातानं उचलून धरायचा, जरा आत दाबायचा, आणि दिवा निळा. हात काढला की कधी टिकायचा, कधी पुन्हा लाल.

"तुह्याच हातानं कशी चालते रे?" मारोतीभाऊंनी एकदा विचारलं.

"नीट बसत नाही काका. वजन उचललं का बसते."

"मंग माह्या हातानं काहून नाही बसत?"

राजदीप दोन नंबरच्या रांगेकडे वळला. मारोतीभाऊंनी ते मनात ठेवलं.

मग चंद्रपूरच्या एका कापड व्यापाऱ्याची गाडी अडकली. चार्जिंग मध्येच तुटलं, गन निघेना. किल्लीचं बटण दाबलं की आतला खिळा किरकिर करायचा, सुटायचा नाही. व्यापारी मारोतीभाऊंवर तणतणला. राजदीपनं गनचं वजन दोन्ही हातांनी वर घेतलं, सरळ आत रेटून धरलं आणि म्हणाला, "आता दाबा." खिळा सुटला, गन हातात आली. व्यापाऱ्यानं राजदीपची पाठ थोपटली. मारोतीभाऊंनी मनात हिशेब मांडला: ज्याला सोडवता येतं, त्यानंच अडकवलं असणार.

त्या दिवसापासून ते त्याच्यावर पाळत ठेवू लागले. भट्टीजवळ बसायचे आणि कढईत कमी, बाहेर जास्त बघायचे. एका दुपारी राजदीप मशीनमागे फोनवर बोलत होता. मारोतीभाऊ पाण्याच्या टाकीआड जाऊन उभे राहिले. "नाही, मालकाले अजून काही माहीत नाही," राजदीप म्हणत होता. "मी काही बोललो नाही त्यायले. तुमी लवकर करा."

एवढं पुरे होतं. पेट्रोल पंपवाल्यानं पोरगं फोडलं, त्यांनी बायकोला सांगितलं. कौसल्याबाई म्हणाल्या, "आधी त्याले इचारा तरी."

"इचारून चोर खरं बोलते का?"

संध्याकाळी चार गिऱ्हाइकांसमोर त्यांनी सुनावलं. "पंपावरच जाय आता. उद्यापासून इथं दिसू नको." राजदीपनं मशीनच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि तो निघून गेला. त्यानं भांडण केलं नाही, यातही मारोतीभाऊंना पुरावाच दिसला.

पण गन लालच राहिली.

दोन दिवसांनी कंपनीचा माणूस आला, संजय नावाचा. त्यानं एकाच गाडीला आधी एक नंबर लावून पाहिली, मग दोन नंबर. मग दुसरी गाडी घेऊन तेच. एक नंबर दोन्ही गाड्यांत लाल, दोन नंबर दोन्हींत निळी. "गाड्या चांगल्या आहेत. खराबी या गनमध्ये आहे," तो म्हणाला. त्यानं मशीनची वीज तोडली, बॅटरी लावून गनच्या तोंडात पाहिलं आणि प्लास्टिकच्या बारीक काडीनं एका लहानशा भोकातून काहीतरी उकरून काढलं. तळहातावर तांदळाचा दाणा होता, लाल झालेला. मागोमाग वाळलेल्या कुंकवाची खपली निघाली.

"या भोकातूनच गाडी मशीनशी बोलते," संजय म्हणाला. "दाण्यानं गन पूर्ण आत जात नव्हती. मग बोलणं तुटतं, आणि खिळाही तिरपा अडकतो. हे आत कसं गेलं?"

मारोतीभाऊंना सांगायची गरजच नव्हती. दसऱ्याला ट्रकच्या स्टेअरिंगची पूजा करायचे, तशी त्यांनी मशीनची केली होती. हळदकुंकू पाण्यात कालवून त्यांनी एक नंबरच्या गनला बोटं लावली, अक्षता वाहिल्या, तोंडावरचं झाकण मुद्दाम काढून.

"तुमच्या राजदीपनं चार वेळा फोन केला होता," संजय हत्यारं भरत म्हणाला. "आम्हालाच उशीर झाला."

मारोतीभाऊ मोटारसायकल काढून जवळच्या शिरपूर गावी त्याच्या घरी गेले. राजदीप अंगणात कूलर खोलून बसला होता. त्यानं खुर्ची दिली. मारोतीभाऊ बसले नाहीत.

"तुले माहीत होतं?"

"आत लाल दिसलं होतं, काका. चालू मशीनीत काडी घालाची नाही, कंपनीनं सांगतलं हाय. म्हणून फोन करून राह्यलो होतो."

"मले काहून नाही सांगतलं?"

राजदीपनं कूलरचा पंखा खाली ठेवला. "मी म्हटलं असतं का तुमच्या कुंकवानं मशीन बिघडली, तं तुमी मशीन पाह्यली असती का मले?"

मारोतीभाऊंना उत्तर ठाऊक होतं, आणि ते उत्तर त्यांना इतकं लागलं की त्यांना तिथे उभं राहवेना. उघड्या दारातून दिसणाऱ्या भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे त्यांची नजर गेली आणि खाली आली. "चाल परत," ते कसेबसे म्हणाले.

"नाही येत, काका. चार लोकांपुढं तुमी मले चोर केलं. आता गाव तेच बोलून राह्यलं."

दुसऱ्या दिवशी तोच कापड व्यापारी आला. गन एका दणक्यात बसली, टक आवाज झाला, निळा दिवा लुकलुकू लागला. "तो पोरगा कुठं गेला?" त्यानं विचारलं. राजदीपला काढलं त्या संध्याकाळच्या गिऱ्हाइकांपैकी दोघे-तिघे हॉटेलात बसले होते.

मारोतीभाऊ भट्टीजवळून उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी काढलं त्याले. चूक माही होती, त्यानं काही केलं नव्हतं. गावात कोणी इचारलं तं असंच सांगजा."