प्लास्टरच्या डोक्याला सांगितलेली गोष्ट

सांगलीत माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि मला एक खोड होती. हातात घेतलेलं काम बिनचूक झालं पाहिजे म्हणजे झालंच पाहिजे. लोक ह्या खोडीला गुण म्हणतात. म्हणोत बापडे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. एका विलायती मासिकात मी वाचलं, की माणसाच्या डोक्यासारखं डोकं करून त्याच्या दोन्ही कानांत माइक बसवले आणि ते रेकॉर्डिंग हेडफोनवर ऐकलं, तर आवाज आपल्याभोवती फिरतो. बायनॉरल म्हणत त्याला. झालं, डोक्यात किडा शिरला! गणपती करणाऱ्या एका कारागिराकडून प्लास्टरचं डोकं करून घेतलं. कान मात्र रबराचे, माझ्याच कानांवरून साचा काढून ओतलेले. कॅसेट रेकॉर्डरमधले दोन बारके माइक त्या कानांच्या भोकांत बसवले आणि तारा माझ्या दोन ट्रॅकच्या स्पूल मशीनला, म्हणजे रिळाच्या टेपरेकॉर्डरला, जोडल्या. डावा कान एका ट्रॅकवर, उजवा दुसऱ्या.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी अक्षरशः मान मागं फिरवून पाहिलं. युक्ती साधीच. डावीकडचा आवाज डाव्या कानात आधी नि मोठा पोचतो, उजव्यात किंचित उशिरा आणि डोक्याच्या आडोशानं दबून. कानाच्या वळ्याही त्याला थोडा बदलतात. एवढ्यावरून आपला मेंदू दिशा ओळखतो. एक खोट मात्र होती. समोरून बोललेलं पुष्कळदा मागून बोलल्यासारखं वाटायचं.

उंब्रजच्या शाळेत माझ्या बाकावर बसणारा एक मित्र पुढं माण तालुक्यात मास्तर झाला होता. पोरांसाठी गोष्टी लिहायचा आणि त्याहून छान सांगायचा. एका शनिवारी तो बायको नि सात वर्षांच्या लेकीला घेऊन दुकानात आला. आवाज घोगरा झालेला. घशात गाठ निघाली होती. सोमवारी मिरजेत ऑपरेशन, आणि स्वरयंत्रच काढणार.

"गड्या, सोमवारनं माजा आवाज न्हाई," तो म्हणाला. "ह्या पोरीला गोष्टीबिगर झोप येत न्हाई. एक गोष्ट भरून दे. तुज्या त्या फिरत्या आवाजात."

आणि मी बोललो काय, तर, "एकदम फर्स्टक्लास करू!"

दुकानाच्या माडीवर घोंगड्या टांगल्या, खोली घुमू नये म्हणून. मधोमध स्टुलावर ते डोकं ठेवलं. गोष्ट मास्तरनंच रचलेली. कोकरू झुडपात लपलंय आणि धनगर त्याला हुडकतोय. ऐकणारा म्हणजे कोकरू. धनगर त्याच्याभोवती फिरणार, हाका मारणार, मागून जवळ येणार, कानाशी कुजबुजणार आणि शेवटी पुढ्यात बसून म्हणणार, "घावलं गं माजं कोकरू."

मास्तर डोक्यासमोर उभा राहिला आणि त्याला बोलताच येईना. "आरं, ह्या मडक्याला काय गोष्ट सांगू? हिलाच बसीव की हितं."

कल्पना वाईट नव्हती. खरं डोकं प्लास्टरच्या डोक्यापेक्षा काय वाईट? माइक काढून पोरीच्या कानांच्या तोंडाशी कापसानं बसवले. तिला बजावलं, "बाळ, मान हलवायची नाही हं." ती म्हणाली, "न्हाई हलवत, काका."

मास्तर सांगू लागला. घोगरा का असेना, काय सांगितली त्यानं ती गोष्ट! अनवाणी फिरत होता, हातात घुंगरांची माळ. खोलीत मेंढरं आली म्हणावं इतकं खरं. पोरगी खुदकन हसत होती. त्याची बायको जिन्याच्या पायरीवर पदर तोंडाला लावून बसली होती.

मी टेप मागं घेऊन हेडफोन लावला आणि माझं डोकंच फिरलं. आवाज फिरतच नव्हता! मास्तरकडं बघण्याच्या नादात माझ्या ध्यानात आलं नव्हतं, पण पोरीनं मान हलवली होती. तिचा आबा, म्हणजे मास्तर, डावीकडं गेला की ती डावीकडं वळायची, मागं गेला की आख्खी मागं फिरायची. ती त्याच्याकडंच तोंड करून होती, त्यामुळं दोन्ही कानांत आवाज सारखाच भरलेला. मास्तर सगळीकडं फिरून टेपमध्ये मात्र जागच्या जागी, मधोमध उभा. वर तिचा श्वास, तिचं हसू.

"सगळं वाया गेलं," मी चिडून म्हणालो. "परत करायचं. प्लास्टरच्या डोक्यावरच."

मास्तर दमला होता. "ऱ्हाऊ दे की रं. लय ब्येस झालीया."

"तुला यातलं कळत नाही," मी म्हणालो. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला मी हे म्हणालो.

कोरी टेप ती एकच होती. एक जुना स्पूल फळीवर पडला होता, पण त्यात सूं सूं फार, म्हणून मला नको होता. मी त्याच टेपवर दुसऱ्यांदा भरलं. नवं भरताना मशीन आधीचं पुसतं, हे मला ठाऊक होतं. मास्तरला नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. पोरीला खाली पाठवलं. मास्तरनं प्लास्टरच्या डोक्याभोवती फिरून पुन्हा सगळी गोष्ट सांगितली. आवाज दोनदा फाटला. शेवटचं वाक्य तर नुसता वारा. पण रेकॉर्डिंग? एकदम बिनचूक! आवाज कानामागून असा सरकत जायचा की अंगावर काटा यावा.

दोन महिन्यांनी मशीन नि हेडफोन घेऊन मी एसटीनं माणात त्याच्या गावी गेलो. मास्तर बाजेवर बसला होता. अंगातलं मांस पार झडलेलं, गळ्याला फडकं, श्वास गळ्यातल्या भोकातून. मांडीवर पाटी. मला बघून हसला. पोरीला त्याच्यासमोर बसवून मी तिच्या कानांना हेडफोन लावला.

घुंगरं वाजली असणार, कारण ती डावीकडं वळली. मग उजवीकडं. मग मागं. मग उठून गिरकी घेतली. तार ताणली गेली म्हणून मी मशीन सरकवलं.

"काका, आबा मागं हायती. मी वळलं की तेबी फिरत्यात. परत मागंच!"

मला तत्क्षणी कळलं. डोकं प्लास्टरचं, ते वळलंच नव्हतं. तिनं मान कुठंही फिरवली तरी मागचा आवाज मागंच राहणार. हेडफोनबरोबर सगळी खोलीच फिरणार. शेवटी धनगर पुढ्यात बसतो ती जागा आली, तेव्हाही ती मागंच बघत होती. समोरचा आवाज मागून येतो ती खोट मी कशी विसरलो?

"आबा, म्होरं या की!" ती रडत ओरडली. कानांवर हेडफोन असल्यामुळं फार मोठ्यानं.

मास्तर बाजेवरून उतरला. भिंतीला धरत तिच्यासमोर येऊन बसला, तिचे दोन्ही गाल धरले आणि तोंड उघडलं. नुसती हवा. ती क्षणभर त्याच्याकडं बघायची आणि परत मान मागं वळवून आवाज शोधायची.

मी मशीन बंद केलं. मास्तरनं पाटी ओढून घेतली आणि लिहून माझ्यापुढं धरली. अक्षर शाळेतल्यासारखंच वळणदार होतं.

"पयली लाव. तवा ती माज्याकडं बघत हुती."

मी त्याला खरं सांगितलं. त्यानं पाटी पुसली आणि पोरीच्या कानांवरचा हेडफोन काढून ठेवला.