पुढचा आडोसा

माझा भाऊ ओविद हा आमच्या दलदलीतला सर्वांत लांब मारणारा शिकारी. उंचावरून जाणारं बदक तो सहज पाडी, म्हणून तळ्याच्या तोंडाशी लपून नेम धरायचा पुढचा आडोसा वर्षानुवर्षं त्याचाच. आमच्या शिकारतळावर रीत अशी, की दर हंगामाच्या पहिल्या रविवारच्या जेवणात तो आडोसा ठरतो. ज्याच्या हातून जखमी बदक निसटत नाही, त्याला तो मिळतो.

मग शिशाच्या छर्ऱ्यांवर बंदी आली. चिखलात पडलेले छर्रे गिळून बदकं मरत होती. पोलादी छर्ऱ्यांची काडतुसं आली आणि ओविदची बदकं पिसं सांडत लव्हाळ्यात जाऊन पडू लागली. आडोसा गेला माझ्या नवऱ्याकडे, क्लेबेरकडे.

"तुझा नवरा चोरून शिसंच वापरतो," ओविद माझ्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाला.

क्लेबेरच्या पिशवीतलं एक काडतूस त्याने काढलं, कापलं आणि छर्रे ताटलीत ओतले. मी फ्रिजवरचं लोहचुंबक दिलं. सगळे छर्रे टपाटप चिकटले.

"झालं समाधान?" मी म्हटलं.

तो छर्रे निरखत राहिला. "हे दोन नंबरचे, मोठे आहेत. मी अजून चारच घालतो, शिशाच्या वेळचे बारीक."

"पोलाद हलकं. तेवढ्याच आकाराचा दाणा लांबवर जोर धरत नाही. मोठा दाणा घ्यावा लागतो, आणि तरी बदक जवळ येऊ द्यावं लागतं."

"आणि माझे छर्रे पसरायचे सोडून मधेच गोळा होतात, ते का?"

"ते त्यालाच विचार."

"मी? त्या बेडूकखाऊला? तूच विचार. मी विचारलं म्हणू नकोस."

क्लेबेर ऐकून खूप हसला. "शिसं मऊ. नळीत चेपतं आणि दाणे इकडेतिकडे भरकटतात, म्हणून नळीच्या टोकाला आवळ तोंड लावावं लागायचं. पोलाद गोलच राहतं, आपणच एकत्र उडतं. त्याला म्हणावं, सैल तोंड लाव." दोघांच्या बंदुका एकाच बनावटीच्या. त्याने नळीच्या टोकाला फिरवून बसवायचं आपलं जादा सैल तोंड काढून दिलं. "दुकानातून आणलं म्हण."

त्यावरच्या ओरखड्यावरून ओविदने ते क्लेबेरचं असल्याचं ओळखलं. तरी त्याने ते फिरवून बसवलं.

नव्या हंगामाच्या पहिल्या रविवारी मी त्याच्याच होडीत होते. पाण्यात तरंगत ठेवलेल्या फसव्या लाकडी बदकांजवळ पक्षी उतरत, तो थांबे, अगदी जवळ आल्यावर मारी. एकेक दगडासारखा पडत होता. त्याचा चेहरा मी कित्येक वर्षांत इतका तरुण पाहिला नव्हता.

तेवढ्यात पलीकडून क्लेबेरची बंदूक वाजली. दोन नर बदकं एका दमात पाण्यात पडली आणि लोकांनी ओरडून दाद दिली. ओविदने तिकडे एकदा पाहिलं आणि बंदूक वर उचलली. आमच्या डोक्यावरून, फार उंचावरून एक बदक जात होतं.

"ओविद, नको. लांब आहे."

"पूर्वी लागायचं," तो म्हणाला आणि त्याने चाप ओढला.

बदक डगमगलं, पंख पसरून तरंगत लव्हाळ्यात गेलं. कुत्र्याने अंधार पडेपर्यंत शोधलं, मिळालं नाही.

जेवणात आडोसा पुन्हा क्लेबेरलाच मिळाला. ओविदने गंबोचा, बदकाच्या दाट रश्श्याचा, वाडगा पुढे ओढला आणि मला हळूच म्हणाला, "तुझा नवरा मुद्दाम त्याच वेळी वाजवतो."

नळीचं ते तोंड मात्र त्याने परत केलं नाही.