दोन अंशांचं खोटं

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना आंजी गावात, काकूच्या घरातल्या मागच्या खोलीत मी जवळजवळ चार आठवडे अडकून पडले होते. दाराला कुलूप नव्हतं. कोणी अडवलंही नव्हतं. पण दर तासाला एका वहीत तापमानाचा आकडा लिहायचा, असा प्रोजेक्टच्या सरांचा हुकूम होता, आणि पहाटे पाच ते रात्री दहा ही नोंद माझ्याशिवाय कोण करणार? त्या खोलीची एकुलती खिडकी सोयाबीनच्या पोत्यांनी बुजलेली होती. बाहेर पौषाची थंडी, आत बल्बचा पिवळा उजेड आणि कोंडलेला वास. मला मुळात एका जागी बसवत नाही. शाळेतही बाई मला फळा पुसायला पाठवायच्या, तेवढंच बाकीच्यांना शांत बसता यावं म्हणून.

प्रोजेक्ट म्हणजे अंडी उबवायची पेटी. पुढे काच लावलेला प्लायवूडचा खोका, आत साठ वॅटचा बल्ब, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, वर तापमान दाखवणारा छोटा पडदा आणि हे सगळं चालवणारा आर्डुइनोचा निळा बोर्ड. हा बोर्ड तेव्हा आमच्या कॉलेजात नवाच होता. सरांनी तो पुण्याहून मागवला होता आणि देताना असा दिला होता, जसं काही स्वतःचं मूत्रपिंडच काढून देताहेत.

अंडी काकूची होती. काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. काका वर्ध्याला नोकरीवर जायचे, शेत आणि कोंबड्या काकू बघायची. तिच्याकडे काळ्या पिसांच्या गावरान कोंबड्यांची जात होती. तिच्या माहेरून, रोहण्याहून, लग्नानंतर पहिल्या दिवाळीला आणलेल्या जोडीपासून वाढवलेली. त्या पावसाळ्यात रोग आला आणि आठवड्याभरात खुराडं जवळजवळ रिकामं झालं. उरल्या दोन कोंबड्या आणि एक कोंबडा. कोंबड्या अंडी घालायच्या, पण एकही खुडूक होऊन अंड्यांवर बसेना. रोज एक-दोन करत काकूने तीस अंडी जमवली, आणि ती जमेपर्यंत दोन्ही कोंबड्या आणि कोंबडाही गेला. म्हणजे आता त्या जातीचं जे काही होतं, ते एवढ्या तीस अंड्यांत होतं.

"पोरी, हे तुह्या डब्ब्यात ठेव," काकू म्हणाली. "तुले सांगतो, हे गेले तं मंग माह्या माहेरचं काईच राह्यत नाई."

मी छाती फुगवून सांगितलं, "काकू, काई टेन्शन घेऊ नको. पॉइंट पाच डिग्रीचाही फरक पडणार नाई."

तेव्हा मी अशीच बोलायचे.

पेटीत तापमान मोजायला थर्मिस्टर होता. मसुराच्या दाण्याएवढा काळा मणी, त्याला दोन तारा. तो तापला की त्याचा रोध कमी होतो, थंड झाला की वाढतो. त्याच्या जोडीला दहा हजार ओहमचा एक साधा रेझिस्टर लावायचा, दोघांवर मिळून पाच व्होल्ट द्यायचे, आणि दोघांच्या मधल्या जागेवरचा व्होल्टेज बोर्डाला वाचायला द्यायचा. बोर्डाला अंश-बिंश काही कळत नाही. तो शून्य ते एक हजार तेवीस यांतला एक आकडा देतो, बस. त्या आकड्यावरून थर्मिस्टरचा रोध काढायचा, रोधाचा लॉगरिथम घ्यायचा, थर्मिस्टरच्या कागदावर दिलेला स्थिरांक वापरून केल्विनमध्ये तापमान काढायचं, त्यातून २७३.१५ वजा करायचे, की झालं सेल्सिअस. हे सगळं मी एकटीने लिहिलं होतं आणि ते बरोबर होतं. आजही सांगते, बरोबर होतं.

राहिली होती शेवटची ओळ. प्रत्येक थर्मिस्टर थोडा इकडेतिकडे असतो, म्हणून खात्रीच्या थर्मामीटरशी ताडून पाहायचं आणि जो फरक येईल तो शेवटी मिळवायचा किंवा वजा करायचा. त्याला ऑफसेट म्हणतात. हे ताडणं मी अंडी ठेवायच्या आदल्या दिवशी काकूकडेच केलं. तांब्यात कोमट पाणी घेतलं. काकूचा ताप मोजायचा पाऱ्याचा थर्मामीटर त्यात उभा केला. मग थर्मिस्टरची तार सैल झालेली दिसली, ती नीट करण्यात दहा मिनिटं गेली. मग थर्मिस्टरही पाण्यात सोडला, जरा थांबले आणि दोन्ही वाचले. थर्मामीटर एकशे तीन फॅरनहाइट, म्हणजे ३९.४ सेल्सिअस. बोर्ड ३७.४. दोन अंशांचा फरक! मी खूश. काकांबरोबर सकाळच्या गाडीने वर्ध्याला गेले, कॉलेजच्या कॉम्प्युटरवर शेवटच्या ओळीत +२.० लिहिलं, प्रोग्रॅम बोर्डात भरला आणि परत आले. पडद्यावर ३७.५ दिसू लागले तशी काकूने अंड्यांना हळद-कुंकू लावलं आणि एकेक करून आत ठेवली.

मग सुरू झाला तुरुंग. आकडा लिही, अंडी फिरव, वाटीत पाणी भर, आकडा लिही. वही ३७.५, ३७.४, ३७.६ अशा आकड्यांनी भरत गेली. वीज गेली की इन्व्हर्टर किरकिरायचा आणि माझा जीव वर-खाली व्हायचा. काकू जेवणाचं ताट आणून द्यायची, पेटीच्या काचेतून एकदा आत बघायची आणि काही न बोलता जायची. मला बाहेर जाऊन कोणाशी तरी कडाकडा भांडावंसं वाटायचं.

अकराव्या दिवशी मला ताप भरला. काकूने फळीवरचा तोच थर्मामीटर काढला आणि माझ्या तोंडात घालायच्या आधी मनगटाला हिसका देऊन चार-पाचदा झटकला.

"काऊन झटकतेस?" मी विचारलं.

"पारा उतरवाले. नाई तं मागच्याचाच ताप दाखवते ना तो. आपल्या मनानं खाली येतच नाई."

ताप एकशे एक होता, पण मला जी हुडहुडी भरली ती तापाची नव्हती. ताप मोजायच्या थर्मामीटरचा पारा एकदा चढला की तिथेच थांबतो. मी तार नीट करत बसले त्या दहा मिनिटांत तांब्यातलं पाणी निवलं होतं. पारा मात्र सुरुवातीच्या गरम पाण्याचाच आकडा धरून बसला होता. थर्मिस्टर खरं सांगत होता. मी त्याला खोटं ठरवलं होतं आणि त्याच्या तोंडी माझे दोन अंश घातले होते.

काकू गेल्यावर मी थर्मामीटर झटकून पेटीत ठेवला. पंधरा मिनिटांनी पाहिला तर शहाण्णवच्या जरा खाली, म्हणजे साडेपस्तीस सेल्सिअस. वर पडद्यावर ऐटीत ३७.५. अकरा दिवस ती अंडी दोन अंश थंडीत होती.

सरळ उपाय एकच, +२.० चं शून्य करायचं. पण ती ओळ बोर्डात भरलेली, ती बदलायला कॉम्प्युटर हवा, तो वर्ध्याला आणि कॉलेजला सुट्टी. मी एखाद्या पेटीत कोंडल्यासारखी खोलीत फेऱ्या मारत होते. मग डब्यात उरलेले एलईडीचे रेझिस्टर दिसले, ४७० ओहमचे. त्या तापमानाला थर्मिस्टरचा रोध अंशामागे साधारण अडीचशे ओहमने बदलतो. म्हणजे त्याच्या तारेत ४७० जास्तीचे घातले की बोर्डाला वाटणार, दोन अंश थंड झालं. मी तार सोडवली, मध्ये रेझिस्टर पिळला आणि वर जखमेची पट्टी गुंडाळली. पडदा झपकन ३५.७ वर आला, बल्ब चालू-बंद करणारा रिले टक्कन वाजला आणि बल्ब पेटला. त्या पडद्याने पहिल्यांदा खरं सांगितलं होतं.

काकूला मात्र मी काही सांगितलं नाही. रोज ठरवायचे, आज सांगते. रोज ती ताट ठेवून जायची आणि मी वही लिहीत बसायचे. स्वतःची इतकी चीड मला पुन्हा कधी आली नाही.

एकविसावा दिवस आला. अंडी गप्प. बाविसावा. काहीच नाही. संध्याकाळी काकू टोपली घेऊन आली आणि पेटीचं झाकण उघडायला लागली. तिचा चेहरा कोरडा होता.

"एकवीस दिवसाचा हिशोब असते, पोरी. मेले ते. वास सुटाच्या आधी पुरून टाकतो."

मला कळत होतं, ती मेलेली असतीलच असं नाही. थंड राहिलेलं पिल्लू उशिरा निघतं. पण ते कसं सांगणार? उशीर का, हे सांगितल्याशिवाय ती थांबणार नव्हती. तिने पहिलं अंडं उचललं तेव्हा मी तिचं मनगट धरलं.

"काकू, थांब. माही चूक हाय. मी थर्मामीटर झटकला नवता. अकरा दिवस त्याईले ऊब कमी भेटली. दोन-तीन दिवस अजून ठेव."

मी रडत होते. सगळं सांगितलं, पाणी, दहा मिनिटं, दोन अंश, पट्टीखालचा रेझिस्टर. काकूने अंडं परत जागेवर ठेवलं आणि झाकण लावलं. मग ती पोत्यावर बसली.

"मी पाह्यलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तू झटकला नाई ते. मी दारातच उभी होती."

"मंग बोलली काऊन नाई?"

"मले वाटलं, तुमची शिकलेल्याईची पद्धत येगळी असन. मी चवथी पास बाई, इंजिनेरले काय सांगू?"

आणि मला माझंच बोलणं आठवलं. पॉइंट पाच डिग्रीचाही फरक पडणार नाई. ते ऐकल्यावर कोण तोंड उघडणार होतं?

चोविसाव्या दिवशी सकाळी पहिलं अंडं टवकलं. पंचविसाव्या दिवसापर्यंत नऊ पिल्लं निघाली, त्यातलं एक लंगडं. एकवीस अंडी काकूने परसात पुरली. मी खड्डा खणून दिला. त्या पंचवीस दिवसांत मी पहिल्यांदा परसापर्यंत गेले होते.

पिल्लांना टोपलीत ठेवताना काकू म्हणाली, "पुढच्या खेपेले मले इचारजो."

"अन् तू मले बोलजो," मी म्हटलं.

तिने मान हलवली, पण बोलली काहीच नाही. ओलं पिल्लू पदरात धरून पुसत राहिली.